पुटपाक : न रडणाऱ्या मित्राच्या निमित्ताने

माझ्या एका मित्राची पत्नी दोन वर्षांपूर्वी, ऐन पावसाळ्यात, मेंदूतील रक्तस्रावाने दोन दिवसांत गेली. मित्र आमच्याच महाविद्यालयात भूगोल शिकवतो. तेरावे झाले आणि पंधराव्या दिवशी तो नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या इस्त्रीच्या शर्टात, हजेरीपटावर सही करायला आला. पहिला तास घेतला, नकाशे गुंडाळून कपाटात ठेवले आणि अध्यापक कक्षात येऊन परीक्षेच्या वेळापत्रकाची चौकशी केली. त्या दिवशी त्याच्या पाठीमागे दोन वाक्ये बोलली गेली. एक : "काय खंबीर माणूस आहे!" दुसरे, जरा हलक्या आवाजात : "याला काही वाटले तरी का?"

या दोन वाक्यांत वरवर स्तुती आणि निंदा एवढे अंतर आहे, परंतु दोहोंचे गृहीतक एकच आहे. दुःख डोळ्यांतून दिसले तर आहे, न दिसले तर एकतर जिंकलेले आहे किंवा मुळात नाही. तिसऱ्या शक्यतेला त्यात जागा नाही. पुढे महिन्याभराने त्याची अकरावीतली मुलगी माझ्या पत्नीकडे काही पुस्तके घ्यायला आली असता जिन्यात थांबून मला म्हणाली, "काका, बाबांना आईचे काहीच वाटत नाही का हो?" तेव्हा ही तिसरी शक्यता शोधणे मला भाग पडले. हा लेख त्या शोधाचा आहे, आणि त्यात माझ्या चुकांचाही हिशेब आहे.

पहिली चूक सांगून टाकतो. मी त्याला रडवायला निघालो होतो. साहित्य शिकवणाऱ्या माणसाला शब्दांवर फाजील विश्वास असतो. दर दोन दिवसांनी मी त्याला गाठून, समोर बसवून, आवाज मृदू करून विचारत असे, "कसा आहेस? बोल ना. मोकळा हो." तो म्हणे, "ठीक आहे." मग मी गप्प आणि तोही गप्प. चौथ्या-पाचव्या वेळी तो मला टाळू लागला. मी याला त्याचा कोरडेपणा समजलो. आज वाटते, समोरासमोर बसवून डोळ्यांत पाहत विचारलेला "कसा आहेस?" हा त्याच्यासाठी तोंडी परीक्षेचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते असे नाही. त्या पद्धतीने देता येईल असे उत्तर नव्हते.

शोकाच्या या दोन रीती आपल्या वाङ्मयाला अपरिचित नाहीत. विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने आठव्या शतकात लिहिलेल्या 'उत्तररामचरित' नाटकाचा तिसरा अंक आपण वर्गात करुणरसाचे उदाहरण म्हणून शिकवतो आणि पुढे जातो. त्या अंकात शोकाच्या दोन प्रतिमा आहेत, त्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. अंकाच्या आरंभी मुरला ही नदी रामाच्या दुःखाला पुटपाकाची उपमा देते. पुटपाक ही वैद्यकातील कृती आहे. जिचा रस नुसत्या कुटण्या-पिळण्याने नीट निघत नाही अशा वनस्पतीचा गोळा पानांत गुंडाळायचा, वरून मातीचा जाड लेप द्यायचा आणि तो विस्तवात ठेवायचा. बाहेरून माती तशीच. आत सारे शिजत असते. पुढे त्याच अंकात तमसा ही दुसरी नदी अगदी उलट प्रतिमा देते. तुडुंब भरलेल्या तळ्याला फुटण्यापासून वाचवायचे तर पाण्याला वाट काढून द्यावी लागते. तसे शोकाने भरलेले हृदय विलापानेच टिकते.

बंद मडके आणि तळ्याचा सांडवा. आपल्याकडे सर्वसाधारणपणे पहिले पुरुषांच्या वाट्याला आले आणि दुसरे स्त्रियांच्या. परंतु भवभूतीकडे दोन्ही प्रतिमा एकाच माणसाविषयी, एकाच रामाविषयी आहेत, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटते. बारा वर्षे मडके बंद असलेला राम पंचवटीत येऊन ढसाढसा रडतो. रडण्यापूर्वी तो काय करतो? अयोध्येच्या प्रजाजनांना मनोमन उद्देशून, आज मला रडू येते आहे, क्षमा करा, अशा आशयाची विनवणी करतो. राणीचे घरात राहणे तुम्हांला रुचले नाही म्हणून तिला टाकले आणि तिच्यासाठी शोकही केला नाही, असे तो म्हणतो. म्हणजे न रडणे हा त्याचा स्वभाव नव्हता. ते त्याचे पद होते. सीतेच्या त्यागाचा कर्ता तोच असल्यामुळे त्याचे प्रकरण माझ्या मित्राहून फार वेगळे आहे, हे मान्य. पण रडायला परवानगी लागणारा पुरुष आपल्या ओळखीचा आहे.

ही परवानगी कोण नाकारते? "मुलीसारखा रडतोस काय?" हे वाक्य प्रत्येक मुलग्याने सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत ऐकलेले असते, त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्याहून अधिक बोलके वाटतात ते आपले अंत्यविधी. घरात मृत्यू झाला की कामाची एक अलिखित वाटणी होते. तिरडी बांधणे, मडके धरणे, अग्नी देणे, अस्थी वेचणे, दहाव्याचे पिंड, कावळा शिवण्याची वाट पाहणे, भटजींचा आणि आचाऱ्याचा हिशेब, मृत्यूच्या दाखल्यासाठी नगरपालिकेत खेपा, हे सारे पुरुषाकडे. रडणे स्त्रियांकडे. येणारी प्रत्येक बाई घरच्या बाईच्या गळ्यात पडते, हेल काढून रडते, गेलेल्याच्या आठवणी सांगते, ऐकते. येणारा प्रत्येक पुरुष घरच्या पुरुषाशेजारी सतरंजीवर बसतो, "कधी झाले? कोणते हॉस्पिटल?" एवढे विचारतो, थोडा वेळ जमिनीकडे पाहतो आणि नमस्कार करून उठतो. एका बाजूला अश्रूंचा संस्कार आहे, दुसऱ्या बाजूला कामाचा.

या वाटणीत स्त्रीला फार सुख होते असे कोणी समजू नये. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या चालींनी विधवेचे दुःख तिच्या अंगावर जबरदस्तीने लिहिले जात असे, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीला त्याविरुद्ध ठराव करायला २०२२ साल उजाडावे लागले. तिला शोक लपवण्याची मुभा नव्हती. विधुराला तो दाखवण्याची नव्हती. त्याच्या अंगावर कोणतीच खूण उरत नाही, आणि चौदाव्या दिवशी त्याचे कामही संपते. तेरा दिवस ज्या कामाच्या आधाराने तो उभा होता तो आधार निघतो आणि त्याच सुमारास माणसांची ये-जाही थांबते. शिवाय पुष्कळ पुरुषांच्या बाबतीत, मनातले जिच्यापाशी बोलायचे अशी व्यक्ती एकच असते, ती म्हणजे पत्नी. ती गेली की दुःख आणि ते सांगण्याची जागा, दोन्ही एकदमच येतात आणि जातात. ब्रिटिश मानसतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली पंचावन्न वर्षांवरील ४,४८६ विधुरांची पाहणी प्रसिद्ध केली. पत्नीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण त्याच वयाच्या विवाहित पुरुषांहून ४० टक्के अधिक होते आणि त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा होता. दिसत नाही ते नसते, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा.

तरीही 'पुरुष असे, स्त्रिया तशा' इथेच थांबणे मला पटत नाही. माझ्या मामीचा तरुण मुलगा अपघातात गेला तेव्हा ती रडली नाही. तिने त्याचे सारे शर्ट उसवले, तुकडे केले आणि चार महिने बसून त्यांची गोधडी शिवली. उलट, आमचे एक ज्येष्ठ प्राध्यापक भावाच्या निधनानंतर वर्गात, ग्रंथालयात, कुठेही डोळे पुसत असत आणि लोक त्यांना हसत. अमेरिकेतील टेरी मार्टिन आणि केनेथ डोका या अभ्यासकांनी याची मांडणी चांगली केली आहे. शोकाची एक रीत भावनेतून वाहते, रडते, बोलते. दुसरी विचारातून आणि कृतीतून चालते. दोहोंच्या मध्ये अनेक छटा आहेत. पुरुष दुसऱ्या टोकाकडे अधिक आढळतात आणि स्त्रिया पहिल्या, पण लिंगावरून रीत ठरत नाही. त्यांनी आणखी एका अवस्थेकडे लक्ष वेधले आहे, ती म्हणजे विसंगतीची : ज्याला आतून रडायचे आहे पण जो स्वतःला रडू देत नाही, किंवा ज्याला रडू येत नाही आणि म्हणून जो स्वतःला अपराधी मानतो. त्रास खरा इथे होतो.

तेव्हा न रडणाऱ्या मित्राविषयी विचारायचा प्रश्न "तो रडत का नाही?" हा नव्हे. तो जे काही करतो आहे तोच त्याचा शोक आहे, की त्या करण्याआड शोक कोंडला आहे, हा खरा प्रश्न आहे. हे ओळखायचे कसे? याचे उत्तर मला एका रविवारी मिळाले.

मित्राची पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवत असे. ती गेली तेव्हा घरात तिच्या वर्गाच्या अडतीस निबंधवह्या होत्या. त्यांतल्या सतरा तपासून झाल्या होत्या, एकवीस राहिल्या होत्या. मुख्याध्यापिका बाईंनी संकोचत निरोप पाठवला की वह्या तशाच परत दिल्या तरी चालतील. मित्राने कळवले, तपासूनच पाठवतो. त्या रविवारी त्याचा मला फोन आला. इतक्या दिवसांत त्याने आपणहून केलेला तो पहिला. म्हणाला, "अरे, 'आणि'ला पहिली वेलांटी ना? आणि 'पाऊस'मधला ऊ? तुझे काम आहे, ये जरा."

मी गेलो. जेवणाच्या टेबलावर वह्यांचे दोन गठ्ठे होते आणि पत्नीचे लाल पेन. तपासलेल्या वह्यांतले तिचे शेरे पाहून तो तसेच शेरे लिहिण्याचा प्रयत्न करत होता. 'छान. अक्षर सुधारले.' 'विरामचिन्हे कुठे गेली?' मी शेजारच्या खुर्चीवर बसलो. आम्ही दोघेही वहीकडे पाहत होतो, एकमेकांकडे नाही. तो विचारी, मी वेलांटी सांगे. अकराव्या-बाराव्या वहीत एका मुलाने पावसाळ्यातील एका दिवसाविषयी लिहिले होते की, बाईंनी आम्हांला मैदानावर नेले, बाईपण भिजल्या आणि म्हणाल्या घरी सांगू नका. मित्राने ते मोठ्याने वाचले. चष्मा काढून पुसला. "हे तिने मला सांगितले नव्हते," तो म्हणाला. आणि मग तो बोलू लागला : दवाखान्यातल्या त्या दोन दिवसांविषयी, आदल्या रात्री डोके दुखते म्हणाली तेव्हा आपण गोळी घेऊन झोप म्हणालो त्याविषयी. तासभर बोलला. मी मध्ये फक्त वही पुढे सरकवत होतो.

भवभूतीच्या तिसऱ्या अंकात वासंती ही वनदेवता नेमके हेच करते, हे मला घरी परतताना आठवले. ती रामाला मोकळा हो असे सांगत नाही. ती त्याला दाखवत जाते : हा सीतेने वाढवलेला हत्तीचा छावा, आता केवढा झाला, हा तिने टाळ्यांच्या तालावर नाचवलेला मोर, ही केळीच्या बनातील शिळा, जिथे बसून ती हरणांना चारा घाली. वस्तू पुढे येतात आणि मडके तडकते. माझे "बोल ना" जिथे हरले तिथे एका चौथीतल्या मुलाची वही पुरली, कारण तिच्यात त्याला न सापडलेला त्याच्या पत्नीचा एक दिवस होता.

यावरून मी एक कसोटी मानू लागलो आहे : कामाची दिशा पाहावी. वह्या तपासणे, गोधडी शिवणे, तिने लावलेल्या कुंड्यांना पाणी घालणे ही गेलेल्या व्यक्तीच्या दिशेने जाणारी कामे आहेत. त्यांत शोक चालू आहे, त्याला रडण्याची सक्ती करू नये. जादा तास मागून घेणे, प्रत्येक समितीवर नाव देणे, घरी उशिरा जाणे ही तिच्यापासून दूर नेणारी कामे. तीही सर्वस्वी वाईट नव्हेत. स्ट्रोब आणि शूट या अभ्यासकांनी १९९९ साली मांडले की शोक करणारा माणूस हानीकडे जातो, तिथून पाठ फिरवून रोजच्या जगण्याकडे येतो आणि पुन्हा हानीकडे जातो. हा हेलकावा निरोगी आहे. चिंता वाटावी ती हेलकावा थांबल्यावर. महिनोन्‌महिने तिचे नावच निघत नाही, तिचे कपाट उघडले जात नाही, तिच्या माहेरच्या माणसांना टाळले जाते, आणि त्याच वेळी झोप, जेवण, रक्तदाबाच्या गोळ्या यांची आबाळ होते किंवा संध्याकाळची दारू वाढते, तर ते मडके आतून करपते आहे असे समजावे. "आता माझे काय उरले" अशी भाषा आली तर आडवळणे घेऊ नयेत, "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते हा गैरसमज आहे. अशा वेळी मैत्री पुरत नाही. डॉक्टर लागतो, आणि शासनाची १४४१६ ही टेलिमानस दूरध्वनी सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे.

पोहोचायचे कसे, याविषयी माझे मत आता असे आहे. समोर बसू नये, शेजारी बसावे. "काही लागले तर सांग" असे म्हणू नये, कारण असा माणूस कधीच सांगत नाही. "शनिवारी बँकेत वारसनोंदीला जायचे आहे ना, मी साडेदहाला येतो," असे म्हणावे. गेलेल्या व्यक्तीचे नाव आपण आधी घ्यावे, सहजपणे, एखाद्या खऱ्या प्रसंगासह. इतरांनी ते घेणे थांबवलेले असते. तो बोलू लागला तर उपदेशाने तोडू नये. आणि हे सारे पहिल्या पंधरवड्यात उरकू नये. दुसऱ्या, तिसऱ्या महिन्यात, पहिल्या दिवाळीला, वर्षश्राद्धाच्या आदल्या आठवड्यात जावे.

एक आक्षेप मला अपेक्षित आहे. पुरुषाची रीत कामाची असेल तर त्याला कामातच राहू द्यावे, भावनेपर्यंत पोहोचायचा हट्ट कशाला? १९९७ साली शूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडीदार गमावलेल्या आणि महिने उलटूनही न सावरलेल्या स्त्री-पुरुषांना दोन प्रकारचे समुपदेशन देऊन पाहिले : एक भावनांवर भर देणारे, दुसरे रोजच्या अडचणी सोडवण्यावर. पुरुषांना पहिल्याचा अधिक लाभ झाला, स्त्रियांना दुसऱ्याचा. म्हणजे अडलेल्याला उपयोगी पडली ती सवयीची नसलेली बाजू. दार मात्र सवयीच्या बाजूने उघडावे लागते, एवढाच माझ्या अनुभवाचा त्याला जोड. वेलांटीवरून आत शिरता आले. "मोकळा हो"वरून आले नाही.

राहिला मुलीचा प्रश्न. तिला मी वह्यांची हकिगत सांगितली नाही. तिसऱ्या अंकात सीता अदृश्य राहून रामाचा शोक पाहते. रामाने सहधर्मचारिणी म्हणून आपलीच सुवर्णमूर्ती केली आहे हे ऐकते, तेव्हा कुठे तिच्या मनातले त्यागाचे शल्य निघते. ते कोणी समजावून निघाले नसते. मी मित्राला एवढेच सुचवले की, वह्या शाळेत पोहोचवायला तिला बरोबर ने. दोघे स्कूटरवरून गेले. गठ्ठा तिच्या मांडीवर होता आणि वाटेत तिने तो चाळला. पुढे आठवड्याने ती पुस्तके परत करायला आली आणि जिन्यात पुन्हा थांबली. "काका, बाबांनी आईचेच पेन वापरले," ती म्हणाली. मी होय म्हणालो.

त्यांच्या घरात आजही फार बोलणे होत नाही. पण परवा गेलो तेव्हा कपाट उघडे होते आणि बापलेक आईच्या साड्या दोन गठ्ठ्यांत लावत होते : ठेवायच्या आणि द्यायच्या. मित्र मला पाहून म्हणाला, "ये. त्या टोकाला धर, घडी घालायची आहे."